उत्तरपत्रिकांचा जतन कालावधी आणि अवलोकनाचा अर्ज

परीक्षेचा निकाल लागल्यानंतर विद्यापीठ लिहिलेल्या उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीपर्यंतच सांभाळते आणि मग त्या नष्ट करते. या मुदतीला जतन कालावधी म्हणतात. भारतात सर्व विद्यापीठांना लागू होईल अशी एकच मुदत नाही. प्रत्येक विद्यापीठ ती आपल्या परीक्षाविषयक नियमांत ठरवते. बहुतेक ठिकाणी ती निकालाच्या तारखेपासून मोजतात, आणि ती वर्षांत नव्हे तर महिन्यांत असू शकते. उत्तरपत्रिका नंतर पाहता येईल का, या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः याच मुदतीवर अवलंबून असते.

पाहण्याचा हक्क आता वादाचा राहिलेला नाही. परीक्षा घेणारी मंडळे पूर्वी असे म्हणत, की परीक्षक विश्वासाने मूल्यमापन करतो, म्हणून उत्तरपत्रिका ही विश्वासाश्रित संबंधातून मिळालेली माहिती आहे आणि ती देता येत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी हा युक्तिवाद फेटाळला. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार ‘माहिती’च आहे आणि परीक्षार्थी आपली उत्तरपत्रिका पाहू शकतो, तिची प्रतही घेऊ शकतो, असे न्यायालयाने ठरवले. परीक्षकाचे नाव, सही किंवा ओळख पटेल अशी खूण मात्र झाकली जाते. नागरी सेवा परीक्षेतील गुणांच्या तपशिलाबाबत २०१८ मध्ये याच न्यायालयाने वेगळी, अधिक सावध भूमिका घेतली. त्यामुळे स्पर्धा परीक्षांना २०११ चा निर्णय सरसकट लावता येत नाही.

२०११ च्या त्याच निकालपत्रातला दुसरा भाग विद्यार्थ्यांच्या फारसा लक्षात येत नाही. नियमांनुसार एखादी माहिती मर्यादित काळच जपायची असेल, तर ती त्या काळात मागणाऱ्यालाच मिळेल. न्यायालयाने उदाहरणही उत्तरपत्रिकांचेच दिले: निकालानंतर तीन महिने, सहा महिने किंवा जी मुदत असेल ती उलटल्यावर आलेला अर्ज ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून नाकारता येतो. अधिनियमाच्या कलम ८(३) मध्ये वीस वर्षांचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ प्रत्येक कागद वीस वर्षे जपावा असा होत नाही, हेही तिथे स्पष्ट केले आहे.

समजा, निकाल १० जूनला लागला आणि जतनाची मुदत तीन महिने आहे. विद्यार्थिनीने आधी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला. त्याचे उत्तर ५ सप्टेंबरला आले आणि गुण बदलले नाहीत. मग तिने १५ सप्टेंबरला माहिती अधिकाराचा अर्ज दिला. नियमात पुनर्मूल्यांकनासाठी वाढीव मुदत नसेल तर तो पाच दिवस उशिरा पडला. तोच अर्ज २५ ऑगस्टला दिला असता, तर जन माहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी मिळणारे तीस दिवस २४ सप्टेंबरला संपले असते. तोवर जतनाची मुदत उलटली असती, तरी मागितलेली उत्तरपत्रिका नष्ट करता आली नसती. मागणीचा विषय असलेली माहिती नष्ट करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम २० नुसार दंड होऊ शकतो. म्हणून पुनर्मूल्यांकन चालू असतानाच हा अर्ज देणे केव्हाही सुरक्षित.

अर्जात परीक्षेचे सत्र, विषय, बैठक क्रमांक आणि ‘सर्व पुरवण्यांसह तपासलेल्या उत्तरपत्रिकेची साक्षांकित प्रत’ एवढेच स्पष्ट मागावे. ‘मला कमी गुण का दिले?’ असे विचारले, तर नोंदीत नसलेली कारणे शोधून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नसते. गुण बदलण्याची मागणीही या मार्गाने होत नाही; त्यासाठी पुनर्मूल्यांकन वेगळे आणि त्याची मुदतही वेगळी. विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांनुसार छायांकित प्रत मागितली तर विद्यापीठाचे शुल्क लागते आणि माहिती अधिकाराखाली मागितली तर त्या कायद्याखालचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कंपनी सचिवांच्या संस्थेच्या प्रकरणात हा फरक मान्य केला. पूर्णतः खासगी विद्यापीठ सार्वजनिक प्राधिकरण नसेल, तर तिथे त्याच्या स्वतःच्या नियमांचाच आधार उरतो.

‘उत्तरपत्रिका नष्ट केली’ असे उत्तर आले, तर ते तसेच मान्य करू नये. जतनाचा नियम आणि नष्ट केल्याची दिनांकित नोंद, या दोन्हींची प्रत मागावी. नोंदीतली तारीख अर्ज पोहोचल्यानंतरची असेल, तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करण्यास तोच भक्कम आधार. संगणकावर तपासणी होत असेल, तर कागद नष्ट झाल्यावरही उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रतिमा शिल्लक असू शकते. अशा वेळी अर्जात तिचा स्वतंत्र उल्लेख करावा, नाहीतर फक्त कागदापुरतेच उत्तर मिळते.