द्रवात निम्मे-निम्मे, बाष्पात नाही: दोन बाष्पनशील घटकांच्या नियमाची पार्श्वभूमी

राउल्टचा नियम आज दोन्ही घटक उडून जाणाऱ्या मिश्रणालाही सहज लावला जातो, पण त्याची सुरुवात तिथे नाही. ग्रनोबल येथे फ्रांस्वा राउल्ट यांनी 1887 च्या सुमारास ईथरसारख्या द्रावकात न उडणारे पदार्थ विरघळवून पाहिले आणि द्रावकाचा बाष्पदाब द्रावकाच्याच मोल अपूर्णांकाच्या प्रमाणात असतो असे मांडले. दुसराही घटक उडणारा असेल तर प्रत्येकाचा आंशिक दाब वेगळा कळायला हवा. दाबमापी मात्र फक्त बेरीज दाखवतो. ही बेरीज डाल्टनने 1801 मध्येच सांगितली होती. अडचण ती फोडण्याची होती.

तोवर हाताशी होता तो कोनोवालोव यांचा 1881 चा नियम: जो घटक वाढवल्याने एकूण दाब वाढतो, त्याचे प्रमाण द्रवापेक्षा बाष्पात जास्त असते. दिशा बरोबर कळते, पण किती जास्त ते कळत नाही.

ते आकड्यांत पकडले यान झाविड्झकी यांनी, लाइपझिगमध्ये. 1900 साली त्यांनी अनेक जोड्यांचे एकूण दाब आणि बाष्पाचे संघटन प्रसिद्ध केले. ठरलेल्या तापमानाला मिश्रण उकळवायचे, बाष्प थंड करून थोडासा द्रव गोळा करायचा आणि त्याच्या अपवर्तनांकावरून संघटन काढायचे. नमुना थोडासाच का? जास्त घेतला तर उडणारा घटक आधी निघून जातो आणि मागच्या द्रवाचेच संघटन बदलते. नळीच्या भिंतीवर काही बाष्प वाटेतच द्रव होऊन परतले तर पुढे जाणारे बाष्प खोटेच समृद्ध दिसते. उलट, उकळताना द्रवाचे थेंब उडून आले तर बाष्पाचे संघटन द्रवाच्या जवळचे दिसते.

त्यांची एथिलीन ब्रोमाइड आणि प्रोपिलीन ब्रोमाइड ही जोडी जवळजवळ आदर्श निघाली. रेणू इतके सारखे की आपल्या आणि परक्या शेजाऱ्यात फारसा फरक पडत नाही. 85 °से. ला शुद्ध दाब सुमारे 173 आणि 127 मिमी पारा. द्रवात दोन्ही निम्मे-निम्मे घेऊ:

```
P = 0.5×173 + 0.5×127 = 150
y = 86.5 / 150 = 0.577
```

म्हणजे बाष्पात एथिलीन ब्रोमाइड 0.577. चूक बहुधा इथून पुढे होते. बाष्पाचे हे संघटन वापरून पुन्हा तेच सरळ सूत्र लावले तर दाब 153.5 येतो, आणि तो चूक आहे. एकूण दाब द्रवाच्या संघटनाशी सरळ रेषेत असतो, बाष्पाच्या संघटनाशी नाही. तिथे दाबाचा व्यस्त सरळ रेषेत जातो:

```
1/P = 0.577/173 + 0.423/127 = 0.00667
P = 150
```

झाविड्झकींच्याच मोजमापांत अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म ही जोडीही आहे. 35 °से. ला शुद्ध दाब सुमारे 344 आणि 293 मिमी. आदर्श असती तर मिश्रणाचा दाब 293 च्या खाली कधीच गेला नसता. प्रत्यक्षात तो सुमारे 250 पर्यंत उतरतो, कारण क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन अ‍ॅसिटोनच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो.