आई-बाबा पाच-सहा महिने अमेरिकेला जाणार असतील तर: औषधं, प्रिस्क्रिप्शन आणि खिशातला कागद

आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-बाबा मुलाकडे निघतात, आणि बॅग भरायला बसलं की सगळा वेळ शेव, लोणचं, पापड आणि सुनेच्या साड्या यातच जातो, औषधं शेवटच्या दिवशी एका कॅरीबॅगमधे कोंबली जातात. मी एप्रिलमधे माझ्या आई-बाबांना दादाकडे न्यू जर्सीला पाठवलं, व्हिजिटर व्हिसावर, तिकीट साडेपाच महिन्यांचं. तेव्हा जे कळलं ते लिहितेय. हे अमेरिकेचं आहे हां, दुबई-लंडनचे औषधांचे नियम वेगळे, तिकडे जाणाऱ्यांनी त्या देशाचे बघा.

आधी मूळ नियम. बाहेरून येणाऱ्या माणसाने स्वतःच्या वापरापुरती साधारण ९० दिवसांची औषधं आणावी अशी तिकडची अपेक्षा असते, मूळ पॅकिंगमधे आणि सोबत इंग्रजीत डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन किंवा पत्र. म्हणजे सहा महिन्यांचा साठा एकदम न्यायचा विचार सोडा.

आता प्रिस्क्रिप्शन. आईच्या डॉक्टरांच्या कागदावर नुसतं "मिसेस देशपांडे" होतं, खाली ब्रँडची नावं, तीही डॉक्टरी अक्षरात. पासपोर्टवर तिचं पूर्ण नाव, बाबांचं नाव मधे घालून. बघणाऱ्या अधिकाऱ्याला हे औषध याच बाईचं हे कसं कळणार? म्हणून लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र घ्या: पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर नाव, आजार कोणते, प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, किती मिलीग्राम, दिवसातून किती वेळा, आणि किती दिवसांसाठी. वर तारीख, खाली सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. जेनेरिक नाव यासाठी की आपले ब्रँड तिकडे कुणाला माहीत नाहीत, आणि कधीकधी जेनेरिकही वेगळ्या नावाने चालतं, आपलं पॅरासिटामॉल तिकडे असेटामिनोफेन म्हणून मिळतं.

स्ट्रिपचंही सांगते. आपला मेडिकलवाला स्ट्रिप कापून सहा गोळ्या देतो आणि नाव-एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर राहते, तसला तुकडा न्यायचा नाही. पूर्ण स्ट्रिप, पेशंटच्या नावाचं बिल, आणि गोळ्या काढून सोमवार-मंगळवारच्या डबीत भरून न्यायचं तर अजिबात नाही, ती डबी रिकामी न्या आणि पोचल्यावर भरा. प्रिस्क्रिप्शनवर ९० दिवस लिहिलेलं असलं की दवा बाजारातून एकदम घेतानाही कटकट होत नाही. एक्स्पायरी परतीच्या तारखेच्या पुढची आहे ना ते तिथेच उभं राहून बघा.

आईचा हिशोब असा केला. मेटफॉर्मिन दिवसाला दोन, म्हणजे १८० गोळ्या. इन्सुलिन ग्लार्जिन रात्री १८ युनिट, आणि दर वेळी सुईतली हवा काढायला २ युनिट वाया, म्हणजे दिवसाला २०. एका पेनमधे ३०० युनिट, म्हणजे एक पेन १५ दिवस, ९० दिवसांना सहा पेन. एक पेन फुटलं-बिघडलं तर म्हणून सातवं, आणि सुया शंभर. माझ्या डोक्यात आधी महिन्याला एक पेन होतं, कागदावर मांडलं तेव्हा चूक कळली.

इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीच नाही. खाली सामानाच्या जागी ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी फेकायचंच, दिसायला चांगलं दिसलं तरी. कूलिंग पाऊचमधे, आइस पॅक पेनला थेट चिकटणार नाही असं मधे रुमाल घालून, हातातल्या बॅगेत. चालू पेन फ्रिजबाहेर २८ दिवस चालतं, न उघडलेली पोचल्या पोचल्या फ्रिजमधे, फ्रीजरमधे नाही. आणि न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, प्रवासाचा दिवस लांबतो, तर त्या दिवशी डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, अंदाज नको.

बाकीची औषधंही निदान दहा दिवसांची हातात ठेवा, कारण इंदूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून पुढे अजून एक विमान, एवढ्यात चेक-इन बॅग मागे राहू शकते. बाबांची झोपेची गोळी अल्प्राझोलम आहे, ती तिकडे नियंत्रित औषधांमधे येते, तर ती लपवायची नाही, पत्रात लिहून घ्यायची, मूळ स्ट्रिपमधे ठेवायची आणि कस्टमच्या अधिकाऱ्याला स्वतःहून सांगायची. आणि शेजारच्या काकूंच्या मुलीसाठी गोळ्यांचं पाकीट कुणी दिलं तर हात जोडून नाही म्हणा, बोलणी मी खाल्ली पण घेतलं नाही.

९० दिवसांनंतरचं काय? कुरिअरने मागवता येतं, त्यासोबत प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरचं पत्र आणि पासपोर्ट-व्हिसाची कॉपी लागते, पण पार्सल अडकायची भीती राहतेच. दुसरा रस्ता म्हणजे तिकडच्या डॉक्टरला दाखवून तिथूनच घेणं. मेटफॉर्मिन तिकडे सहज मिळतं, पण आईची दुसरी गोळी विल्डाग्लिप्टिन, तिला तिकडे मंजुरीच नाही. त्यामुळे निघायच्या दोन महिने आधीच इथल्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तिकडे मिळणारी सिटाग्लिप्टिन सुरू करून इथेच महिनाभर शुगर बघितली. हे आधी करा, तिकडे जाऊन नवीन गोळीचे प्रयोग नकोत.

कागदपत्रं थोडक्यात: पासपोर्ट, व्हिसा जुन्या पासपोर्टमधे असेल तर दोन्ही पासपोर्ट, परतीचं तिकीट, दादाचा पत्ता, ट्रॅव्हल इन्शुरन्स. इन्शुरन्समधे जुन्या आजाराचं कलम नीट वाचा, बऱ्याच पॉलिसींमधे जुन्या डायबिटीसचा रोजचा इलाज येतच नाही, फक्त अचानक बिघडलं तर आणि तेही मर्यादेपर्यंत.

मग खिशातला कागद. एक ए-फोर, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात: नाव, ब्लड ग्रुप, आजार, औषधांची नावं, ॲलर्जी, फ्लाइट नंबर, दादाचा +१ लावून नंबर आणि पूर्ण पत्ता, तिकडच्याच अजून एका माणसाचा नंबर, इंदूरचा माझा, इन्शुरन्सचा पॉलिसी नंबर. आई आणि बाबा, दोघांचे वेगळे. व्हीलचेअर तिकिटासोबतच किंवा ४८ तास आधी मागून ठेवा. आमचे दोघं दिल्लीला वेगवेगळ्या व्हीलचेअरवर होते आणि अर्धा तास एकमेकांना दिसलेच नाहीत, दोघांचे कागद बाबांच्याच पाऊचमधे, आणि आईचा फोन वायफायशिवाय नुसता खेळणं! तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाचा पासपोर्ट आणि कागद प्रत्येकाच्याच गळ्यातल्या पाऊचमधे.

उतरल्यावर दादाने i94.cbp.dhs.gov या तिकडच्या सरकारी साइटवर दोघांची राहायची शेवटची तारीख काढली. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायचं किती ते या तारखेवर ठरतं, बहुतेकांना सहा महिने मिळतात. तारीख बघून परतीचं तिकीट त्याच्या आतलं आहे ना ते तपासलं आणि त्याची प्रिंट फ्रिजवर लावली, इन्सुलिनच्या चार्टशेजारी.