वर्गमध्याची चूक आणि खुल्या वर्गाची चूक

वर्गीकृत सारणीवरून काढलेला मध्य हा अंदाजच असतो, हे दहावीच्या बीजगणितापासून आपल्याला ठाऊक आहे. म्हणून शेवटचा वर्ग ‘१० आणि त्याहून अधिक’ असा खुला असला, तरी पुष्कळ जण म्हणतात, ‘अंदाजात अजून एक अंदाज, काय बिघडलं?’ बिघडतं ते असं, की या दोन चुका एका जातीच्या नाहीत.

देशाच्या २०१५-१६च्या कृषी गणनेतली शेतजमिनीच्या धारणांची विभागणी घेऊ. सोयीसाठी दर १०,००० धारणांमागे किती, असं मांडलं आहे.

| हेक्टर | धारणा | वर्गमध्य | वर्गाची खरी सरासरी |
|---|---|---|---|
| १ पेक्षा कमी | ६,८४५ | ०.५ | ०.३८ |
| १ ते २ | १,७६२ | १.५ | १.४० |
| २ ते ४ | ९५५ | ३ | २.६९ |
| ४ ते १० | ३८० | ७ | ५.७२ |
| १० आणि अधिक | ५७ | ? | १७.०७ |

शेवटचा रकाना आपल्याला मिळतो, कारण कृषी गणना धारणांच्या संख्येबरोबर प्रत्येक वर्गाचं एकूण क्षेत्रही छापते. तो क्षणभर झाकून ठेवा.

पहिले चार वर्ग बंद आहेत. वर्गमध्य धरून त्यांची बेरीज सुमारे ११,५९० हेक्टर येते. प्रत्यक्षात ती ९,८१० च्या आसपास आहे. चूक बरीच मोठी आहे, आणि तिचं कारणही दिसतं. धारणा जितकी मोठी तितकी ती विरळ, म्हणून प्रत्येक वर्गातले बहुतेक शेतकरी खालच्या टोकाकडे दाटलेले असतात आणि वर्गमध्य त्यांना उगाच वर ओढतो. पण या चुकीला कुंपण आहे. १ ते २ हेक्टरच्या वर्गातली सरासरी काहीही झालं तरी १ च्या खाली किंवा २ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे वर्गमध्य फार तर वर्गांतराच्या निम्म्याने चुकेल. खरा आकडा हाती नसतानाही चूक जास्तीत जास्त किती, हे सांगता येतं.

आता शेवटच्या ५७ धारणा. रिवाज असा, की आधीच्या वर्गाचं अंतर उचलायचं. ४ ते १० चं अंतर ६, म्हणून हा वर्ग १० ते १६ आणि वर्गमध्य १३. वहीत १३ लिहिला की तो ०.५ आणि १.५ च्या रांगेत इतका साळसूद बसतो, की पुढे कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. पण झाकलेला रकाना उघडा: या वर्गाची खरी सरासरी १७.०७ आहे. आपण १६ वर कुंपण घातलं, आणि वर्गाची नुसती सरासरीच त्या कुंपणाबाहेर निघाली! बंद वर्गात हे कधीच घडू शकत नाही. खुल्या वर्गात खालची सीमा पक्की असते, वरची आपण मनाने घातलेली असते. इथे २५ किंवा ४० लिहिलं असतं, तरी ‘हे चूक’ असं सारणीने सांगितलं नसतं.

या उदाहरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. १३ धरून एकूण मध्य १.२३ हेक्टर येतो. १३ ऐवजी खरा १७.०७ घातला तर तो १.२६ होतो. आणि कृषी गणनेने दिलेली खरी सरासरी आहे १.०८! खुला वर्ग दुरुस्त केल्यावर उत्तर खऱ्यापासून आणखी लांब गेलं, कारण बंद वर्ग मध्य वर ढकलत होते आणि आपला १३ तो थोडा खाली खेचत होता. दोन चुका एकमेकींना अंशतः खोडत होत्या. त्यामुळे उत्तर जवळपास आलं म्हणजे वरच्या वर्गाचं गृहीतक बरोबर होतं, असा अर्थ काढू नये.

गृहीतकावर उत्तर किती अवलंबून आहे, हे मात्र तपासता येतं. इथे शेवटच्या वर्गाचा आकडा १ हेक्टरने बदलला की मध्य ०.००५७ हेक्टरने हलतो, कारण त्या वर्गात फक्त ०.५७ टक्के धारणा आहेत. हाच वाटा २० टक्के असता, तर तेवढ्याच बदलाने मध्य ०.२ ने हलला असता आणि एवढ्या लहान सरासरीत तो आकडा छापण्याजोगा राहिला नसता.

म्हणून आधी एकूण बेरजेचा रकाना शोधावा. क्षेत्र भागिले संख्या केलं की वर्गमध्याची गरजच उरत नाही. तो नसेल तर मध्यक द्यावा. मध्यकासाठी शेवटच्या वर्गात किती जण आहेत एवढंच लागतं, त्यांच्याकडे किती जमीन आहे हे लागत नाही. इथे ५,००० वी धारणा पहिल्याच वर्गात पडते, म्हणजे मध्यक १ हेक्टरपेक्षा कमी आहे, हे ठामपणे सांगता येतं. आणि मध्यच हवा असेल, तर उत्तराखाली लिहावं: ‘शेवटच्या वर्गाची सरासरी १३ हेक्टर धरली आहे.’