अवशिष्ट उत्पन्न

वर्षाच्या नफ्यातून त्या वर्षी गुंतलेल्या भांडवलाचा मोबदला वजा केल्यावर जे उरते, ते अवशिष्ट उत्पन्न. मोबदला म्हणजे केवळ बँकेचे व्याज नव्हे. मालकाचे स्वतःचे पैसे तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या धंद्यात लावले असते तर जे सुटले असते, तेही त्यात धरावे लागते. प्रकल्पाच्या सर्व वर्षांचे अवशिष्ट उत्पन्न आजच्या किमतीत आणून मिळवले, की त्याचे निव्वळ वर्तमान मूल्य (एनपीव्ही) तंतोतंत मिळते. हा सिद्धांत जर्मन अर्थतज्ज्ञ वोल्फगांग ल्यूके यांच्या १९५५ मधील मांडणीमुळे त्यांच्या नावाने ओळखला जातो.

लातूरच्या एका डाळमिलचे काल्पनिक उदाहरण घेऊ. तूरडाळीतले डागी दाणे बाजूला काढणारे सॉर्टेक्स यंत्र ३० लाखांना घेतले. त्यामुळे तीन वर्षे दरसाल १३ लाख रुपये जादा हाती येतात आणि नंतर यंत्राची किंमत शून्य होते. भांडवलाचा दर १० टक्के. तिन्ही वर्षांच्या रोख रकमा आजच्या किमतीत आणून त्यातून ३० लाख वजा केले, की एनपीव्ही निघते सुमारे २.३३ लाख.

आता हेच वर्षावार पाहू. दरसाल १० लाख घसारा धरला तर नफा ३ लाख. पहिल्या वर्षी ३० लाखांवर भांडवलाच्या मोबदल्याचा आकार ३ लाख बसतो, म्हणून अवशिष्ट उत्पन्न शून्य. दुसऱ्या वर्षी पुस्तकी किंमत २० लाख, आकार २ लाख, शिल्लक १ लाख. तिसऱ्या वर्षी शिल्लक २ लाख. या रकमा आजच्या किमतीत ०, ०.८३ आणि १.५० लाख होतात. बेरीज तीच २.३३ लाख.

घसारा १५, १० आणि ५ लाख असा धरला तर पहिले वर्ष ५ लाखांनी उणे दिसते, पुढची दोन १.५ आणि ७.५ लाखांनी अधिक. तरी आजच्या किमतीतली बेरीज हलत नाही. कारण घसारा लवकर काढला की नफा आधी घटतो, पण नंतर तो तेवढाच वाढतो आणि पुढच्या वर्षांचा आकारही हलका होतो. म्हणून पहिल्या वर्षाचा उणे आकडा पाहून प्रकल्प वाईट ठरवणे चूक आहे, आणि केवळ त्याच आकड्यावर व्यवस्थापकाचा बोनस ठरवला तर तो चांगले यंत्र घ्यायलाच कचरेल.

मेळ बसण्यासाठी आकार वर्षारंभीच्या पुस्तकी किमतीवर लावावा लागतो. वर्षाअखेरच्या किमतीवर लावला तर याच यंत्राची बेरीज ४.८२ लाख येते. तुरीच्या साठ्यात अडकलेले पैसेही हिशेबातून निसटतात: एनपीव्हीत ते धरायचे आणि आकारात विसरायचे, ही तफावतीची नेहमीची जागा.

आर्थिक मूल्यवर्धन (ईव्हीए) ही याच कल्पनेची स्टर्न स्ट्यूअर्ट या अमेरिकी सल्लागार कंपनीने रूढ केलेली आवृत्ती. तीत करोत्तर परिचालन नफा घेतात आणि संशोधनासारखा खर्च भांडवलात धरून हिशेब दुरुस्त करतात. दुरुस्ती नफा आणि भांडवल या दोन्हींत सारखी केली, तरच वर्षांची बेरीज एनपीव्हीशी जुळते.