जाड प्लेटचे कर्तन : लेसर आणि वॉटरजेट

सुमारे १२ मिमी.पेक्षा जाड धातूची प्लेट संगणकाने दिलेल्या आकारात कापण्याच्या दोन पद्धती. लेसर पद्धतीत केंद्रित प्रकाशझोताने धातू वितळतो किंवा जळतो आणि वायूच्या झोताने तो खाली ढकलला जातो. वॉटरजेटमध्ये सुमारे ४०० मेगापास्कल दाबाच्या पाण्याच्या बारीक धारेत गार्नेट या खनिजाचे कण मिसळतात आणि ते कण धातू खरवडून काढतात. पहिली पद्धत उष्णतेची, दुसरी झिजेची. पुढे येणारे बहुतेक सगळे फरक याच एका गोष्टीतून निघतात. तुलना प्रामुख्याने बांधकामाच्या साध्या पोलादाची आहे.

उगम : लेसर कर्तनाची सुरुवात कधी धरावी याबाबत दोन मते आढळतात. काही जण १९६५ हे वर्ष देतात. त्या वर्षी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने तार ओढण्याच्या हिऱ्याच्या साच्यांना लेसरने भोके पाडली. पण ते वेधन होते, कर्तन नव्हे. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डाय-ऑक्साइड लेसर तयार केला आणि १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी त्या लेसरला ऑक्सिजनच्या झोताची जोड देऊन पोलादी पत्रा कापला. आजच्या पद्धतीचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण जाड पोलाद कापण्याचे मर्म लेसरइतकेच त्या ऑक्सिजनमध्ये आहे.

वॉटरजेटचा उगम याहून धूसर आहे. दाबाखालच्या पाण्याने खाणीतली माती आणि मऊ खडक फोडणे जुनेच. पातळ, अतिउच्च दाबाच्या धारेचे श्रेय सामान्यतः नॉर्मन फ्रान्झ या वनशास्त्रीय अभियंत्याला दिले जाते. लाकूड कापण्याचे त्याचे प्रयोग १९५० च्या दशकापासूनचे असावेत. मात्र नुसत्या पाण्याने पोलादी प्लेट कापली जात नाही. धारेत अपघर्षक कण मिसळून धातू कापण्याची व्यवहार्य रीत मोहमद हाशिश यांनी फ्लो या कंपनीत १९८० च्या सुमारास बसवली. प्लेटच्या संदर्भात तोच खरा प्रारंभ मानावा.

उष्णताबाधित क्षेत्र : कापलेल्या कडेलगतचा जो पट्टा वितळला नाही, पण तापल्यामुळे ज्याची अंतर्रचना बदलली, त्याला उष्णताबाधित क्षेत्र म्हणतात. वॉटरजेटमध्ये कडेचे तापमान साधारणपणे १०० अंश सेल्सिअसच्या खालीच राहत असल्याने असे क्षेत्र व्यवहारात नसतेच. कणांच्या माऱ्याने काही मायक्रॉन जाडीचा थर दबतो, इतकेच. लेसरमध्ये, २० मिमी. साधे पोलाद ऑक्सिजनने कापले असता, हा पट्टा सर्वसाधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तो वरच्या बाजूला अरुंद आणि तळाशी रुंद असतो, कारण वितळलेला धातू आणि जळणारे लोह खाली सरकताना तिथे जास्त वेळ रेंगाळतात.

गॅस कटिंगमध्ये हा पट्टा काही मिलिमीटरपर्यंत जातो. त्यामुळे लेसरचा पट्टा अरुंद, म्हणून निरुपद्रवी, असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. पट्टा किती रुंद आणि पट्टा किती कठीण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेसरची उष्णता थोड्या जागेत असते आणि तिच्या शेजारीच गार, जाड प्लेट असते. झोत पुढे सरकताच ही प्लेट उष्णता ओढून घेते आणि कडेवर जणू पाणी चढवल्यासारखा, म्हणजे तापलेले पोलाद झटकन थंड करून कठीण केल्यासारखा, परिणाम होतो. तापताना तयार झालेल्या ऑस्टेनाइट या अंतर्रचनेला सावकाश मऊ फेराइट-पर्लाइट होण्याइतका अवधी मिळत नाही आणि तिचे मार्टेन्साइट या कठीण अंतर्रचनेत रूपांतर होते. मार्टेन्साइट किती कठीण होणार हे मुख्यतः कार्बनवर ठरते. ०.२ टक्के कार्बनच्या पोलादात ते व्हिकर्स मापाने ४०० च्या पुढे जाऊ शकते, आणि मूळ प्लेट मात्र १५० ते १८० च्या दरम्यान असते. गॅस कटिंगमध्ये भोवतालची प्लेट बरीच तापलेली असते, थंड होणे मंदावते आणि पट्टा रुंद असूनही काही वेळा कमी कठीण निघतो. यात ऑक्सिजनची एक भर आहे. लोह आधी जळून जाते आणि कार्बनचा काही भाग कडेच्या पातळ थरात साचतो, त्यामुळे अगदी धारेवरचा थर मूळ रासायनिक विश्लेषणाच्या अंदाजापेक्षाही कठीण लागतो.

याची तपासणी अवघड नाही. कडेचा छोटा तुकडा आडवा कापून, घासून आरशासारखा करतात आणि त्यावर दोन टक्के नायटाल, म्हणजे अल्कोहोलमधले नायट्रिक आम्ल, लावतात. काही सेकंदांत कडेलगत वेगळ्या छटेची पट्टी उमटते. मग हलक्या भाराने, कडेपासून आत ०.१ मिमी. अंतराने व्हिकर्सचे ठसे घेतात. ठसे आत जाताना मोठे होऊ लागले आणि मग एकसारखे झाले की तिथे क्षेत्र संपले. पोलादी बांधकामाच्या ईएन १०९०-२ या युरोपीय मानकात नेहमीच्या बांधकाम-पोलादांसाठी मुक्त कडेची कठिनता ३८० व्हिकर्सच्या आत ठेवण्याची मर्यादा आहे. अरुंद पट्टा असूनही लेसरची कड या मर्यादेपलीकडे जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

कडेचा दर्जा : लेसरने ऑक्सिजनमध्ये कापलेली कड गडद निळसर-काळ्या ऑक्साइडच्या सालीने झाकलेली असते. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात रेषा बारीक आणि उभ्या असतात. खाली त्या मागे झुकतात आणि जास्त खरबरीत होतात. वेग किंवा प्रकाशझोताची नाभी चुकली तर तळाला मळीचे थेंब चिकटतात. छिन्नीच्या एका टोल्याने निघाले तर समायोजन जवळपास बरोबर आहे, घासूनही निघत नसतील तर नाही. ही साल रंगकामाआधी काढावीच लागते, कारण ती प्लेटवरून सुटताना रंगाचा थरही बरोबर घेऊन जाते.

वॉटरजेटची कड करड्या, मंद झळाळीची असते आणि हाताला बारीक सँडपेपरसारखी लागते. धार जसजशी खोल जाते तसतशी तिची ऊर्जा संपत जाते आणि ती मागे वाकते. त्यामुळे खालच्या अर्ध्यात वक्र ओरखडे दिसतात. वेग कमी केला की ते जवळपास नाहीसे होतात. यंत्रावर क्यू-१ ते क्यू-५ अशी जी निवड असते ती मुळात वेगाचीच निवड आहे. क्यू-१ म्हणजे कसेबसे वेगळे करणे, क्यू-५ म्हणजे सर्वांत सावकाश आणि गुळगुळीत. ही कड ऑक्साइडविरहित असल्याने ओली राहिल्यास काही तासांत गंजाने तांबूस होते. मऊ धातूंत गार्नेटचे कण रुतून बसतात.

अचूकता : औष्णिक कर्तनाची कड आयएसओ ९०१३ या मानकानुसार मोजतात. त्यात लेसरसाठी जाडीची व्याप्ती ३२ मिमी.पर्यंत आहे. काटकोनापासूनच्या विचलनाची दुसरी श्रेणी ०.१५ + ०.००७ × जाडी या सूत्राने मिळते, म्हणजे २० मिमी.ला ०.२९ मिमी. सुस्थितीतल्या लेसरकडून एवढी अपेक्षा रास्त आहे. लेसरचा खरा शत्रू प्लेटचे तापणे हा आहे. मीटरभर पोलाद सरासरी ३० अंशांनी तापले तर सुमारे ०.३६ मिमी. वाढते. म्हणून जवळजवळ मांडलेले तुकडे एकामागून एक न कापता प्लेटवर विखरून कापतात. वॉटरजेटमध्ये प्लेट जागची हलत नाही, पण हत्यारच बदलत राहते. मिश्रणनळीचे १ मिमी.चे छिद्र कामाच्या तासांबरोबर झिजून मोठे होते आणि त्यानुसार संगणकातली भरपाई बदलली नाही तर तुकडे हळूहळू लहान येतात. कडेला उतारही येतो. कललेले शीर्ष असलेल्या यंत्रात तो टाकाऊ बाजूला वळवता येतो.

खर्च : येथे एक ठरावीक तुकडा घेऊन हिशेब मांडलेला बरा. ३०० × २०० मिमी.ची, २० मिमी. जाड, एस-३५५ पोलादाची पायप्लेट आहे आणि तिला एम-२० आट्यांची चार भोके हवी आहेत. आटे पाडण्याआधी भोक १७.५ मिमी.चे लागते.

बाहेरची कड १,००० मिमी. आणि भोकांचे परीघ मिळून सुमारे २२० मिमी. भरतात. ३७ किलोवॉट पंपाच्या वॉटरजेटवर मध्यम दर्जासाठी वेग मिनिटाला ५० मिमी.च्या आसपास धरला तर सगळे मिळून साधारण २४ मिनिटे लागतात. गार्नेट मिनिटाला ४५० ग्रॅम धरल्यास ११ किलो, पाणी ९० लिटरच्या पुढे आणि पंपाची वीज सुमारे १५ युनिट. चालू खर्चात सहसा गार्नेटच सर्वांत जड जाते. ते विकत घ्यायचे, आणि वापरलेला गाळ टाकीतून काढून त्याची विल्हेवाटही लावायची.

दहा किलोवॉटच्या आसपासचा फायबर लेसर हीच बाहेरची कड मिनिटाला ०.८ मी. वेगाने सव्वा मिनिटात कापतो. शीतक आणि धूरशोषक धरून यंत्राची ओढ ४० किलोवॉट मानली तरी वीज एक युनिटच्या आत राहते. वेगाची तफावत सोळा पटींची आहे आणि बहुतेक कामांत निकाल इथेच लागतो.

अडचण भोकांची आहे. भोक प्लेटच्या जाडीपेक्षा लहान आहे आणि अशा भोकात उष्णता कोंडून त्याचा तळ गोल राहत नाही. शिवाय आटे पाडणारे हत्यार, म्हणजे टॅप, १७.५ वरून २० वर, म्हणजे प्रत्येक बाजूला १.२५ मिमी. आत जातो. त्यातला पहिला अर्धा मिलिमीटर मार्टेन्साइटचा असतो. टॅपचे पहिले दाते, जे मुळात सर्वांत जास्त ओढतात, ते पूर्णपणे या कठीण थरात चालतात. टॅप लवकर बोथट होतो, करकरतो आणि बऱ्याचदा भोकातच तुटतो. लेसरने लहान भोक करून ते ड्रिलने वाढवले तरी ड्रिलच्या कडा त्याच थरावर घासतात. म्हणून जाणते कारागीर लेसरने बाहेरची कड कापतात, भोकांच्या जागी फक्त मध्यबिंदूची खूण उमटवतात आणि भोके सरळ भरीव धातूतून ड्रिल करतात. मांडणीसकट त्याला पाच-सात मिनिटे लागतात. एकूण वेळ तरीही वॉटरजेटच्या निम्म्याहून कमीच राहतो.

पोलाद बदलले की हा हिशेब फिरतो. ब्रिनेल ४०० कठिनतेची झीजरोधक प्लेट कारखान्यातूनच पाणी चढवून आलेली असते आणि सुमारे २५० अंशांच्या वर तापली की ती कठिनता सोडू लागते. लेसरच्या कडेला तिथे दोन पट्टे मिळतात, धारेवर पुन्हा कठीण झालेला आणि त्याच्या आत मऊ पडलेला. रुंद तुकड्यात हे चालून जाते. अरुंद दात किंवा बारीक पट्ट्या असतील तर दोन्ही कडांची उष्णता मध्ये एकवटते आणि सगळा तुकडाच मऊ पडतो. अशा तुकड्यांना वॉटरजेटचे २४ मिनिटे महाग म्हणता येत नाहीत. ५० मिमी.च्या पुढच्या प्लेटला, तसेच दगड, काच आणि थरांच्या संमिश्रांनाही या दोहोंपैकी सहसा वॉटरजेटच लावतात.