पाणी शिरलं तर कुठलं कव्हर?

‘गाडीच्या विम्यात कन्झ्युमेबल्स कव्हर घेतलंय, मग पाणी शिरून इंजिन गेलं तरी पैसे मिळतील ना?’

नाही. अंधेरी सबवेत गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला, तर सिलिंडरमध्ये ओढलं गेलेलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड, पिस्टन, क्रँकशाफ्ट आणि ते बदलण्याची मजुरी इंजिन प्रोटेक्ट या वेगळ्या कव्हरमध्ये येते. कन्झ्युमेबल्समधून मंजूर दुरुस्तीत लागणारं ऑइल, कूलंट, नट-बोल्ट, एसी गॅस एवढंच मिळतं. इंजिनचा क्लेमच नामंजूर झाला, तर त्या कामाचं ऑइलही खिशातून. काही इंजिन प्रोटेक्टमध्ये ऑइल धरलेलं असतं, म्हणून पॉलिसीची शब्दरचना वाचाच. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी कृपया पुन्हा सुरू करू नका, टो करून न्या. मुद्दाम स्टार्टर मारल्याचं सर्व्हेयरच्या लक्षात आलं, तर इंजिन प्रोटेक्ट असूनही क्लेम अडतो.