ब्रोमीनचा एक अणू आणि हरवलेल्या फेजा

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर हजारो ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपक्याच्या तीव्रतेवरून त्या लहरीचा आयाम कळतो, पण ती लहर शेजारच्या लहरींच्या किती मागे-पुढे आहे, म्हणजे तिची फेज काय, हे नोंदलं जात नाही. या लहरी सेकंदाला सुमारे ४×१०^१८ वेळा आंदोलतात. इतक्या वेगाने मोजणारा डिटेक्टर नाही. इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढायला मात्र आयाम आणि फेज दोन्ही लागतात, आणि त्यातही फेजच जास्त महत्त्वाची. आयाम थोडे चुकले तरी नकाशा ओळखू येतो, फेजा चुकल्या तर येत नाही.

रेणूत एखादा जड अणू असेल तर यातून वाट निघते. C24H22BrNO3 हा रेणू घेऊ. स्फटिकाचा स्पेस ग्रुप, म्हणजे त्याच्या सममितीचा प्रकार, P21/c, आणि स्वतंत्र रेणू एकच. इथे सममितीकेंद्र असल्यामुळे फेज फक्त ०° किंवा १८०° असते, म्हणजे प्रश्न अधिक की उणे एवढाच उरतो. ब्रोमीन पुरेसा जड आहे का, हे आधी तपासावं. त्याच्या अणुक्रमांकाचा वर्ग १२२५. बाकी सगळ्या अणूंच्या वर्गांची बेरीज ११२७. गुणोत्तर १ च्या आसपास असलं की काम सोपं जातं. याहून बरंच कमी असलं तरी अशक्य नसतं: बी-१२ जीवनसत्त्वात कोबाल्टचं हे गुणोत्तर जेमतेम ०.१८ भरतं, तरी डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने कोबाल्टपासूनच सुरुवात केली. उलट अणू फारच जड असेल, तर त्याच्या शेजारी कार्बन दिसेनासे होतात.

ब्रोमीन शोधायचा तो पॅटर्सन नकाशात. आर्थर पॅटर्सन यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या या नकाशाला फेज लागतच नाही. त्यात अणूंच्या जागा नसतात, दोन अणूंमधली अंतरं (दिशेसह) असतात, आणि शिखराची उंची अणुक्रमांकांच्या गुणाकाराइतकी. ब्रोमीन-ब्रोमीन १२२५, ब्रोमीन-कार्बन २१०, कार्बन-कार्बन अवघी ३६. त्यामुळे ब्रोमीनच्या जोड्या गर्दीतूनही डोकं वर काढतात.

ब्रोमीनची जागा (x, y, z) धरली, तर P21/c मध्ये या जोड्यांच्या शिखरांच्या जागा ठरलेल्या आहेत. समजा (०, ०.३२, ०.५०) इथे मोठं शिखर आहे. या रेषेवर शिखर ½−2y इथे येतं, म्हणून y = ०.०९. दुसरं मोठं शिखर (०.४२, ०.५०, ०.८४) इथे; त्याचा नियम (2x, ½, 2z−½), म्हणून x = ०.२१ आणि z = ०.१७. आता पडताळा: (2x, 2y, 2z), म्हणजे (०.४२, ०.१८, ०.३४) इथे तिसरं शिखर असायलाच हवं, आणि त्याची उंची पहिल्या दोघांच्या निम्मी. ते नसेल तर पहिली दोन चुकीची निवडली आहेत. पुढे जाऊ नये.

मग चिन्हं. डिटेक्टरवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक परावर्तन, आणि ते h, k, l या तीन पूर्णांकांनी ओळखतात. k शून्य असलेल्या, म्हणजे h0l परावर्तनांत ब्रोमीनचा वाटा cos 2π(hx+lz) च्या प्रमाणात असतो. (१ ० २) साठी कंसातली बेरीज ०.५५, कोसाइन −०.९५. ब्रोमीन इथे जवळपास पूर्ण ताकदीने उणे आहे. मोजलेला आयामही मोठा असेल, तर उणे चिन्ह बिनधास्त धरावं. (१ ० ०) साठी कोसाइन फक्त ०.२५. तिथे हलके अणू मिळून ब्रोमीनला सहज उलटवू शकतात, म्हणून अशा परावर्तनाला नकाशात कमी वजन द्यायचं किंवा ते सध्या बाजूला ठेवायचं. विश्वासार्ह चिन्हांवरून काढलेल्या नकाशात काही कार्बन दिसतात. ते गणितात घातले की आणखी चिन्हं सुधारतात, आणि असं करत रेणू पुरा होतो. ब्रोमीनच्या अगदी लगत दिसणाऱ्या शिखरांवर मात्र भरवसा ठेवू नये. मोजमाप ठरावीक कोनापर्यंतच असल्याने जड अणूभोवती तरंग उठतात, आणि ते अणूंसारखे दिसतात.

खरी अडचण y नेमका ०.२५ च्या जवळ आला की होते. मग l विषम असलेल्या सगळ्या परावर्तनांत ब्रोमीनचा वाटा शून्य होतो, त्यांची चिन्हं मिळतच नाहीत, आणि नकाशात रेणूसोबत y = ¼ या प्रतलातलं त्याचं आरशातलं प्रतिबिंबही उमटतं. याची चाहूल आधीच लागते. पॅटर्सनमधलं रेषेवरचं शिखर (०, ०, ½) इथे सरकतं, आणि l विषम असलेल्या ठिपक्यांची सरासरी तीव्रता सम ठिपक्यांच्या सुमारे एक तृतीयांशावर येते. अशा वेळी दिसलेलं प्रत्येक शिखर मॉडेलमध्ये घातलं तर आरसा कायमचा पक्का होतो. त्याऐवजी बेंझीनच्या कड्यासारखा, बंधांची लांबी आणि कोन जुळणारा एकच तुकडा निवडावा. सुरुवातीला तो कुठल्या बाजूचा घेतला याने फरक पडत नाही, कारण तेवढ्याने फक्त आरंभबिंदू ठरतो. पुढचे अणू मात्र त्याच बाजूचे घ्यावे लागतात. त्या कड्यामुळे l विषम असलेल्या परावर्तनांनाही चिन्हं मिळू लागतात आणि पुढच्या नकाशात प्रतिबिंब फिकं पडतं. फिकं पडलं नाही, तर निवडलेल्या तुकड्यात दोन्ही बाजूंचे अणू मिसळले आहेत. तो काढून दुसरा घ्यावा.